लंगडणाऱ्या मुलाला ताप येतो तेव्हा

समजा, चार वर्षांची मुलगी कालपासून लंगडतेय. आज अंगात 39 अंश सेल्सिअस ताप आहे आणि ती पाय टेकवायलाच तयार नाही. खेळताना पडली होती, त्यामुळे पाय मुरगळला असेल, असं घरच्यांना वाटतं. पण मुरगळल्याने ताप येत नाही.

ती गुडघा दुखतो म्हणते, मात्र गुडघ्याला सूज नाही. खुब्याचं दुखणं मुलांना अनेकदा गुडघ्यात जाणवतं, म्हणून डॉक्टर खुबाही तपासतात. पाय आत वळवताच ती किंचाळते.

इथे दोन शक्यता असतात. सर्दी-खोकल्यानंतर मुलांच्या खुब्यात तात्पुरती सूज येते. ती विश्रांतीने आणि वेदनाशामक औषधाने काही दिवसांत उतरते. दुसरी शक्यता सांध्यात पू झाल्याची. पुवातले घटक कूर्चा खातात, आणि साचलेल्या पुवाचा दाब मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तोडू शकतो. उशीर झाला तर सांधा कायमचा बिघडतो.

दोन्ही आजार सुरुवातीला सारखेच दिसतात. बोस्टनच्या मिनिंदर कोचर यांनी 1999 मध्ये चार खुणा मांडल्या: 38.5 अंशांवर ताप, पायावर भार न देणं, ईएसआर 40 किंवा अधिक, आणि पांढऱ्या पेशी 12,000 पेक्षा जास्त. चारही असतील तर पुवाची शक्यता 99 टक्क्यांहून जास्त, असं त्यांना आढळलं. पुढे त्याच रुग्णालयात नव्या मुलांवर पडताळलं, तेव्हा ती 93 टक्के निघाली. म्हणजे या खुणा संशय पक्का करतात, निदान नाही.

आपल्या मुलीचा ईएसआर 55 आहे, पेशी 14,000. सोनोग्राफीत सांध्यात पाणी दिसतं. सुईने काढलेला द्रव गढूळ निघतो, तो जंतूंच्या तपासणीला जातो. त्याच रात्री भूल देऊन सांधा धुतला जातो आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं. ताप आणि सीआरपी उतरल्यावर तोंडाने औषध देता येतं; एकूण उपचार साधारण दोन-तीन आठवडे चालतो.

सांधा स्वच्छ असून दुखणं गुडघ्याजवळच्या हाडावर एकाच जागी असेल, तर जंतू हाडात असू शकतात. पहिले दहा-बारा दिवस एक्स-रे साफ दिसू शकतो, तेव्हा एमआरआय करतात. लवकर सापडलं तर बहुतेकदा औषधानेच भागतं. पू साठला असेल तर शस्त्रक्रिया लागते.

तान्ह्या बाळाला तर अनेकदा तापही नसतो. एक पाय हलवत नाही, लंगोट बदलताना कळवळून रडतं, एवढंच दिसतं. अशा पायाला तेल लावून चोळू नये. बाळाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं.