हत्तीचा बिशप कसा झाला?

आजच्या बुद्धिबळाच्या पटावर उंट बसतो, त्या जागी मुळात हत्ती होता. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त चतुरंगाचा उल्लेख केला आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे त्या पटावर राजा आणि मंत्र्याच्या दिमतीला उभी असत. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर हा खेळ इराणात गेला आणि तिथून अरबांकडे. समरकंदजवळच्या अफ्रासियाबला १९७७ साली सातव्या-आठव्या शतकातली हस्तिदंती मोहरी सापडली. त्यांत हत्ती अगदी हत्तीसारखाच कोरलेला आहे.

इस्लामी जगात मात्र मोहऱ्यांची चित्रमय रूपे मागे पडत गेली आणि साधे, गुळगुळीत आकार रूढ झाले. इराणातल्या निशापूरचा बाराव्या शतकातला एक संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यातल्या हत्तीला ना सोंड, ना पाय. बुटक्या ठोकळ्याच्या माथ्यावर फक्त दोन उंचवटे, तेच त्याचे सुळे. खेळणाऱ्याला तेवढी खूण पुरेशी होती.

स्पेन आणि सिसिलीमार्गे मोहरी युरोपात पोचली, पण त्या उंचवट्यांत हत्ती ओळखायला तिथे हत्ती पाहिलेला माणूस विरळाच. कुणाला त्यात धर्मगुरूची दुभंगलेली उंच टोपी दिसली, तर फ्रान्समध्ये विदूषक. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ साली सापडलेल्या बाराव्या शतकातल्या मोहऱ्यांत तब्बल १६ बिशप आहेत. वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेले, डोक्यावर टोपी आणि हातात धर्मदंड घेतलेले. सुळ्याची खूण पुसली गेली आणि सुळ्यातूनच बिशप घडला, हे मला फार विलक्षण वाटते.

रूप पालटले तरी चाल बराच काळ जुनीच राहिली. अरबी शतरंजात हत्ती तिरका, मधले घर ओलांडून, बरोबर दुसऱ्या घरात उडी मारी. अशा उड्या मारत त्याला ६४ पैकी फक्त ८ घरे गाठता येत. दोन्ही बाजूंचे मिळून चार हत्ती, पण प्रत्येकाची आठ घरे वेगळी. त्यामुळे एका हत्तीला दुसरा हत्ती कधीच मारता येत नसे. मोहरे म्हणून तो दुबळाच. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन-इटलीत डाव वेगवान करण्यासाठी त्याला वाट मोकळी असेल तितकी घरे तिरके जाण्याची मुभा मिळाली, पण उडी गेली. याच सुमारास मंत्र्याच्या जागी आलेली राणी पटावरचे सर्वांत बलाढ्य मोहरे बनली.

रशियात तिरक्या चालीच्या या मोहऱ्याला आजही हत्तीच म्हणतात. आपल्याकडे मात्र ती जागा उंटाची झाली आणि हत्ती कोपऱ्यात, रथाच्या घरात गेला. रथ आपल्या पटावरून उठला, पण त्याची सरळ चाल हत्तीने जशीच्या तशी चालू ठेवली आहे.