टायपरायटर ते टायपरायटर

भाच्यानं कंट्रोलर हातात दिला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. खोलीतले दिवे घालवलेले, कानाला हेडफोन. दहाव्या मिनिटाला मी ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून उठलो तो उठलोच. गेम होता ‘रेसिडेंट ईव्हिल २’: १९९८चा जुना गेम कॅपकॉम कंपनीनं २०१९ मध्ये नव्यानं बनवला, तो. पुढे तो मी दोनदा पूर्ण केला. धाडस वाढलं नाही, खेळायची पद्धत तेवढी बदलली.

आधी दिव्याचं. भयपट काय, भयखेळ काय, अंधारातच बघावा, हे न घाबरणाऱ्यांचं मत. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांची बाहुली मोठी होते आणि नजरेत पडद्याशिवाय काहीच उरत नाही. अशा वेळी पडद्यावर काही लखकन चमकलं की ते थेट आत जातं. मी टीव्हीच्या मागे एक छोटा दिवा ठेवतो, उजेड भिंतीवर पडेल असा. नजरेच्या कडेला टीव्हीची चौकट आणि भिंतीवरचं कॅलेंडर दिसत राहतं, तेवढं पुरतं. ट्यूबलाइट मात्र लावू नका. ती पडद्यात उमटते, काळोख्या कॉरिडॉरमध्ये स्वतःचाच चेहरा दिसतो, मग काही दिसेना म्हणून आपण पुढे वाकतो, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी अंगावर येतं.

गेममधली ब्राइटनेस ही वेगळी गोष्ट. ती जेमतेम दिसेल इतपत ठेवायची असते. भित्र्यांनी एक-दोन घरं वर घ्यावी. पूर्ण वर नेली की काळा रंग राखाडी होतो, नायक लिऑनच्या हातातल्या टॉर्चला काही अर्थ उरत नाही आणि झाँबी रबरी बाहुल्यांसारखे दिसतात. भीती जाते, पण गेमही जातो.

भीती वाटली की पहिला हात आवाजाच्या बटणाकडे जातो. मीही केलं ते, आणि फसलो. या गेममध्ये मिस्टर एक्स नावाचा एक टोपीवाला राक्षस पोलीस ठाण्यात आपल्याला शोधत फिरतो. त्याला मारता येत नाही, फार तर थोडा वेळ खाली बसवता येतं. पण त्याचे बूट वाजतात. वरच्या मजल्यावर आहे, शेजारच्या खोलीत आहे की लांब चाललाय, हे ऐकूनच कळतं. आवाज बंद केला की तो न सांगता दारात उभा! म्हणून आवाज चालू ठेवायचा, फक्त हेडफोन काढायचे. टीव्हीच्या स्पीकरमधून आवाज समोरून येतो, मानेमागून येत नाही.

आता वेगाचं. हा गेम आपली प्रगती टायपरायटरवर जतन करतो. मी ‘आज तासभर खेळू’ असं ठरवत नाही. एका टायपरायटरपासून दुसऱ्यापर्यंत, एवढंच. ठाण्याच्या मोठ्या हॉलमध्ये एक टायपरायटर आहे. दुसरा पश्चिमेकडच्या जिन्याजवळ, फोटो धुण्याच्या डार्करूममध्ये. (नाव डार्करूम, पण मिस्टर एक्स तिथे शिरत नाही.) निघण्याआधी नकाशा उघडतो. तो उघडला की गेम थांबतो, तेव्हा घाई नाही. सगळं सामान उचललेली खोली नकाशात निळी होते, काही उरलं असेल तर लाल. निळीत परत डोकवायचं नाही. फळ्या सापडल्या तर वाटेतल्या खिडक्यांना ठोकायच्या, म्हणजे तिथून झाँबी आत येत नाहीत आणि परतीची वाट ओळखीची राहते.

या वाटेवर लिकर भेटतो, छताला चिकटणारा, लांब जिभेचा. माझं पाणी प्यायला जाणं याच्याच कृपेनं. पण तो आंधळा आहे, आवाजावर झेपावतो. धावलात तर संपलात. स्टिक अगदी हलकी ढकलून सावकाश, भिंतीच्या कडेनं गेलात तर तो डोक्यावरून निघून जातो. भित्र्या माणसाची चाल इथे बरोबर ठरते.

डार्करूममध्ये पोचलो की जतन करायचं आणि बंद. मेल्यावर लगेच बंद केलं तर तोच प्रसंग डोक्यात घेऊन झोपायला जावं लागतं, म्हणून मी त्या वेळी थांबत नाही. पुन्हा एकदा जाऊन सुखरूप पोचतो, मग थांबतो. सुरुवातीला ‘असिस्टेड’ ही सोपी पातळी निवडता येते. तिच्यात नेमला मदत मिळते आणि जखम थोडी आपोआप भरते. ती घ्यायला लाजू नये.

मात्र मिस्टर एक्सचा पाठलाग कोणत्याही पातळीवर टळत नाही. पाठलागच सोसत नसेल तर स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा ‘सोमा’ घ्या. २०१५च्या या गेममध्ये २०१७ साली ‘सेफ मोड’ आला. समुद्रतळावरचे ते प्राणी समोर येतात, जवळही येतात, पण मारत नाहीत. बाकी गोष्ट तशीच्या तशी. आणि त्या गोष्टीतली भीती दिव्यानं कमी होत नाही, हे मी सगळे दिवे लावून खेळून पाहिलंय.