मुलांचे डोळे येतात तेव्हा

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापणीच्या आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. त्याला सूज आली की डोळा लाल होतो, त्यातून पाणी किंवा चिपड येते आणि टोचल्यासारखे वाटते. यालाच डोळे येणे म्हणतात. पावसाळ्यात ही साथ शाळांमधून झपाट्याने पसरते. 2023 च्या पावसाळ्यात बुलढाणा जिल्ह्यात आणि पुण्याजवळच्या आळंदीत याचा अनुभव आला.

डोळे येण्यामागे विषाणू किंवा जिवाणू असू शकतात. दोघांत फरक करायला डोळ्यातून काय येते हे पाहणे सर्वांत उपयोगी पडते. विषाणूमुळे डोळे आले तर मुख्यतः पातळ पाणी येते. बहुधा आधी एक डोळा लाल होतो आणि एकदोन दिवसांत दुसरा. सोबत सर्दी, घसादुखी किंवा ताप असतो आणि कधी कानापुढे छोटी दुखरी गाठ हाताला लागते. जिवाणूंमुळे मात्र घट्ट, पिवळसर-हिरवट पू येतो. पुसला तरी तो थोड्या वेळात पुन्हा जमतो आणि सकाळी दोन्ही डोळ्यांच्या पापण्या घट्ट चिकटलेल्या असतात. मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांत जिवाणूंचे प्रमाण जास्त आढळते आणि त्यातल्या काहींना त्याच वेळी कानदुखीही असते. दोन्ही डोळ्यांना खूप खाज सुटत असेल आणि सोबत शिंका येत असतील, तर ती ॲलर्जी असण्याची शक्यता अधिक. ती पसरत नाही.

या खुणा नेहमीच स्पष्ट नसतात. विषाणूमुळे आलेल्या डोळ्यांच्या पापण्याही रात्रीतून थोड्या चिकटतात. तिसरीतल्या एखाद्या मुलाचा उजवा डोळा सोमवारी लाल झाला, बुधवारी डावाही झाला, दिवसभर पाणी गळते आहे, नाक वाहते आहे आणि सकाळी पापणीच्या कडेला थोडेसे वाळलेले चिपड आहे, असे समजू. या वर्णनात विषाणूचे पारडे जड ठरते. तेच चिपड दिवसभर पूसारखे येत राहिले असते, तर डॉक्टरांनी जिवाणूंचा विचार केला असता.

विषाणूंवर अँटिबायोटिक थेंबांचा उपयोग होत नाही. हा त्रास पहिले तीन ते पाच दिवस वाढतो आणि एक ते दोन आठवड्यांत, कधी त्याहून थोड्या उशिरा, आपोआप ओसरतो. जिवाणूंमुळे आलेले डोळेही बऱ्याचदा आपोआप बरे होतात. डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी ते थोडे लवकर बरे होतात, इतकेच. उकळून गार केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून नाकाकडून कानाकडे पापणी पुसावी. प्रत्येक वेळी नवा बोळा घ्यावा. थेंबांच्या बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये आणि एकाची बाटली दुसऱ्याला वापरू नये. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असू शकते. नागिणीच्या जातीच्या विषाणूने डोळा आला असेल तर स्टेरॉइडने बुबुळाला इजा होऊ शकते. मध, दूध किंवा गुलाबपाणीही डोळ्यात घालू नये.

आजारी मुलाच्या डोळ्यांकडे पाहिल्याने डोळे येत नाहीत. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, संसर्ग थांबत नाही. हा संसर्ग मुख्यतः हातांवाटे पसरतो. मूल डोळा चोळते, त्याच हाताने बाक, पेन्सिल किंवा नळाची तोटी धरते आणि पुढचे मूल तिथे हात लावून स्वतःचा डोळा चोळते. रुमाल, टॉवेल, उशीचा अभ्रा आणि काजळ हेही वाहक ठरतात. डोळे आणणारा ॲडिनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस टिकतो आणि सॅनिटायझरला सहज दाद देत नाही. म्हणून हात साबणाने धुणे अधिक भरवशाचे.

शाळेने वर्गाजवळ साबण ठेवावा, बाक आणि तोट्या जंतुनाशकाने पुसून घ्याव्यात आणि मुलांना एकमेकांचे रुमाल, चष्मे वापरू देऊ नयेत. विषाणूमुळे आलेल्या डोळ्यांतले पाणी थांबेपर्यंत मुलाला घरी ठेवणे चांगले. जिवाणूंवर औषध सुरू असेल तर सामान्यतः 24 तासांनंतर शाळेत पाठवता येते. पोहण्याचा तलाव मात्र डोळे पूर्ण बरे होईपर्यंत टाळावा.

डोळा खूप दुखणे, उजेड अजिबात सहन न होणे, नजर धूसर होणे, बुबुळावर पांढरा डाग दिसणे, पापणीवर फोड येणे, किंवा पापणी सुजून ताप येणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. महिन्याच्या आतल्या बाळाचा डोळा लाल झाला किंवा चिकटू लागला, तर तसेही थांबू नये.