दोन लिटरचं गणित

एप्रिल 2021मध्ये महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ऑक्सिजनचं यंत्र पहिल्यांदाच आलं. पुढच्या बाजूला काचेसारखी उभी नळी, आत तरंगणारी छोटी गोळी. गोळीचा मध्य ‘2’च्या रेषेवर आला की मिनिटाला दोन लिटर. पण घरच्यांना वाटतं तसे हे दोन लिटर म्हणजे रुग्णाचा सगळा श्वास नव्हे.

शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण 500 मिलिलिटर हवा घेतो. हा श्वास एका सेकंदाचा धरू. तेवढ्या वेळात नाकातल्या नळीतून येतात जेमतेम 33 मिलिलिटर. उच्छ्वास संपता संपता नाकामागच्या पोकळीत आणखी 17 साठलेले असतात. म्हणजे ऑक्सिजन 50, बाकी 450 खोलीतली हवा, तिच्यातही 21 टक्के ऑक्सिजन आहेच. बेरीज केली तर श्वासात ऑक्सिजन भरतो सुमारे 29 टक्के. ‘एका लिटरला 24, पुढे दर लिटरला चार टक्के’ हा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब 28 सांगतो; फार फरक नाही. मात्र धाप लागून तोच श्वास अर्ध्या सेकंदात ओढला, तर गोळी तिथेच असूनही प्रमाण 26वर येतं. ज्याला जास्त हवा, त्यालाच कमी मिळतो!

मग मास्क लावावा? इथेच घोटाळा होतो. नळी काढून त्याच दोन लिटरवर साधा मास्क चढवला, तर रुग्णाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड मास्कमध्येच रेंगाळतो आणि पुन्हा आत ओढला जातो. तो धुऊन काढायला किमान पाच लिटरचा प्रवाह लागतो. पाच ते दहा लिटरवर साधा मास्क साधारण 35 ते 55 टक्के देतो. खाली पिशवी लोंबणाऱ्या मास्कला दहा ते पंधरा लिटर लागतात. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल, तर प्रवाह अपुरा आहे असं समजावं.

पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर या पिशवीला पुरत नाही. ते खोलीतलीच हवा झिओलाइटच्या दाण्यांतून दाबून नायट्रोजन अडवतं आणि सुमारे 93 टक्के शुद्ध ऑक्सिजन देतं. फिल्टर धुळीने चोंदला की शुद्धता घसरते, गोळी मात्र तशीच तरंगत राहते. तेव्हा खरी खबर बोटावरच्या ऑक्सिमीटरकडून मिळते. तोही आकडा सर्वांना सारखा नसतो. जुनाट दम्यासारख्या सीओपीडीच्या रुग्णाला डॉक्टर बहुधा 88 ते 92वरच ठेवतात, कारण ऑक्सिजन जास्त झाला तर त्याच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढू शकतो.

दहा लिटर हवे असतील तर मग सिलिंडर. सुमारे 1500 लिटरचा छोटा ‘बी टाईप’ भरलेला असला, तरी तो अडीच तासांत रिकामा होतो. नाकातल्या नळीवर, दोन लिटरने, तोच साडेबारा तास चालतो.