तीस स्लाइड्सचे एक पोस्टर

परिषदेतल्या भाषणासाठी केलेल्या स्लाइड्स तशाच्या तशा लहान करून एका मोठ्या कागदावर मांडल्या, तर शोधपोस्टर तयार होत नाही. स्लाइडवरचा मजकूर मुळातच अर्धा असतो. उरलेला अर्धा वक्ता तोंडाने सांगतो. पोस्टर मात्र पुष्कळदा वक्ता जवळ नसतानाही वाचले जाते. त्यामुळे मजकूर कमी करायचा आणि उरलेला स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहायचा, अशी दोन्ही कामे एकदम करावी लागतात.

आधी जागेचा हिशेब करावा. पुष्कळ परिषदांत ए-झीरो आकाराचे, म्हणजे ८४.१ × ११८.९ सेंटिमीटरचे पोस्टर चालते. दीड मीटरवरून वाचता यावे यासाठी मुख्य मजकूर किमान २४ पॉइंटचा, उपशीर्षके त्याच्या दीडपट आणि शीर्षक ८० पॉइंटच्या आसपास ठेवतात. आलेख आणि मोकळी जागा सोडली, तर साधारण पाचशे शब्द सुखाने बसतात. तीस स्लाइड्सवर प्रत्येकी चाळीस शब्द धरले तरी बाराशे होतात. म्हणजे निम्म्याहून अधिक मजकूर जाणार, हे सुरुवातीलाच ठरलेले असते.

काय ठेवायचे हे ठरवण्यासाठी संशोधनाचा निष्कर्ष एका वाक्यात लिहून काढावा. समजा, विषय भूजलातील फ्लोराइडचा आहे आणि वाक्य असे आहे: ‘पावसाळ्यानंतर उथळ विहिरींतील फ्लोराइड घटते, खोल बोअरवेलमध्ये ते घटत नाही.’ आता प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारायचा: ही नसेल, तर वाचकाचा या वाक्यावरचा विश्वास कमी होईल का?

या समजलेल्या भाषणात शीर्षक, रूपरेषा, आभार आणि संदर्भ यांची प्रत्येकी एक, पार्श्वभूमीच्या पाच, पद्धतीच्या सहा, निष्पत्तीच्या बारा आणि चर्चेच्या तीन स्लाइड्स आहेत. रूपरेषा लगेच जाते. आभार आणि तीन-चार अत्यावश्यक संदर्भ तळाशी लहान अक्षरांत येतात. पार्श्वभूमीतील पूर्वसंशोधनाचा इतिहास गळतो; फ्लोराइडची समस्या आणि पिण्याच्या पाण्यातली लिटरला १.५ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा सांगणारी तीन वाक्ये उरतात.

निष्पत्तीच्या बारा स्लाइड्सकडे नीट पाहिले, तर त्यांतल्या चारांवर एकच आलेख टप्प्याटप्प्याने उलगडलेला दिसतो. पोस्टरवर त्याचा एकच पूर्ण आलेख होतो. चोवीस ठिकाणांचे आकडे देणारे दोन स्लाइड्सवरचे कोष्टकही जाते, कारण ते आकडे त्याच आलेखात बिंदूंच्या रूपाने आहेत. त्यावर मर्यादेची आडवी रेघ तेवढी मारायची. पीएच आणि नायट्रेटच्या चार स्लाइड्स खऱ्या असल्या, तरी या वाक्याच्या कामाच्या नाहीत. उरलेल्या दोनांतून ठिकाणांचा नकाशा आणि खोलीनुसार फ्लोराइड दाखवणारा आलेख मिळतो. बाराच्या तीन आकृत्या झाल्या.

पद्धतीचा मजकूर मात्र कापण्याऐवजी जोडावा लागतो. स्लाइडवर ‘नमुने – २४’, ‘मे व नोव्हेंबर’, ‘इलेक्ट्रोड’ असे तुकडे चालतात. पोस्टरवर त्यांचे वाक्य होते: ‘२४ विहिरी व बोअरवेलमधून मे आणि नोव्हेंबरमध्ये नमुने घेऊन फ्लोराइड आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडने मोजले.’ शब्द थोडे वाढले, पण सहा स्लाइड्सचा गाभा यात आला. तसेच ‘निष्पत्ती’ या मोघम उपशीर्षकाऐवजी आलेखावर ‘बोअरवेलमध्ये पावसाळ्यानंतरही घट नाही’ असे लिहिले, की खालचा स्पष्टीकरणाचा परिच्छेद अनावश्यक ठरतो. भाषणात सुरुवातीलाच उलगडून सांगितलेली संक्षिप्त रूपे पोस्टरवर पुन्हा उलगडावी लागतात, कारण वाचक कुठूनही वाचायला लागतो.

एवढे करूनही मजकूर मावला नाही, की अक्षर लहान करण्याचा मोह होतो. त्यावर सोपी तपासणी आहे. ए-झीरो कागद ए-फोरच्या बरोबर चौपट लांब-रुंद असतो. पोस्टर ए-फोरवर छापले, की २४ पॉइंटचे अक्षर ६ पॉइंटचे होते, आणि हातात धरलेला तो कागद दीड मीटरवरच्या पोस्टरइतकाच दिसतो. त्यावर जे वाचता येत नाही, ते भिंतीवरही वाचता येणार नाही. अशा वेळी अक्षराला हात न लावता आणखी एखादे वाक्य काढावे.

चित्रांचा दोष मात्र या लहान प्रतीत लपतो. स्लाइडवरून उचललेला हजार पिक्सेल रुंदीचा आलेख पोस्टरवर ३५ सेंटिमीटर ताणला, तर इंचाला जेमतेम ७३ पिक्सेल उरतात आणि रेघा फुटतात. छपाईला किमान दीडशे लागतात. म्हणून आलेख मूळ सॉफ्टवेअरमधून व्हेक्टर स्वरूपात पुन्हा काढून घ्यावा आणि त्याच वेळी अक्षांवरची अक्षरे मुख्य मजकुराइतकी मोठी करावीत.

गाळलेली कोष्टके आणि नायट्रेटचे आकडे वाया जात नाहीत. कोपऱ्यात क्यूआर कोड देऊन पूर्ण स्लाइड्स तिथे ठेवता येतात. मात्र मुख्य निष्कर्ष पटण्यासाठी लागणारी कोणतीही गोष्ट त्या कोडमागे जाता कामा नये.