फिक्स्ड किती, आणि पुढची वाढ कधी?

पुण्यातली एक मार्केटिंग मॅनेजर, अनुभव बारा वर्षांचा, डोळ्यांसमोर आणा. चाकणजवळ कारखाना असलेल्या, यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीची ऑफर तिच्या हातात आहे. सध्याचा सीटीसी 21 लाख, नवा 26 लाख. म्हणजे जवळपास 24 टक्के वाढ. घरच्यांनी पेढ्यांची तयारी केली आणि तिने पगाराचा तक्ता उघडला.

त्या 26 लाखांत 22 लाख फिक्स्ड आणि 4 लाख व्हेरिएबल आहेत. सध्याच्या नोकरीत 20 लाख फिक्स्ड आणि जेमतेम 1 लाख व्हेरिएबल आहे. याचा अर्थ ठरलेल्या पगारातली वाढ 10 टक्केच, बाकीची कंपनीच्या नफ्यावर आणि साहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून. शिवाय ते 22 लाखही सगळे खात्यात पडत नाहीत. बेसिक 11 लाख धरलं तर कंपनीचा पीएफचा 12 टक्के वाटा 1 लाख 32 हजार होतो आणि ग्रॅच्युइटीची 4.81 टक्क्यांची तरतूद सुमारे 53 हजार. दोन्ही याच आकड्यात बसवलेले असतात. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षं टिकल्याशिवाय सहसा हाती लागत नाही. उरतात 20 लाख 15 हजार, त्यातूनच तिचा स्वतःचा पीएफ आणि प्राप्तिकर जाणार.

म्हणून 'सीटीसी थोडा वाढवा' अशी मागणी मला अर्धवट वाटते. अशा मागणीला एचआर हसतमुखाने होकार देतं, वाढ व्हेरिएबलमध्ये टाकतं आणि दोघंही खूश होऊन फोन ठेवतात. मागायचं ते फिक्स्ड. पुढची टक्केवारी बहुतेक ठिकाणी त्यावरच मोजली जाते, आणि त्यानंतरची नोकरी देणाराही तेच विचारतो. जॉइनिंग बोनस पुढे केला जाईल, कारण तो एकदाच द्यावा लागतो आणि त्याने आतल्या लोकांच्या पगाराशी तुलना बिघडत नाही. वर्षाच्या आत सोडून गेलात तर तो परत करण्याची अट मात्र बहुधा खाली बारीक अक्षरात असते.

दुसरी मेख कॅलेंडरमध्ये आहे. या कंपनीत पगारवाढ एप्रिलमध्ये होते, पण 30 सप्टेंबरपर्यंत रुजू झालेल्यांचीच. हिचा नोटीस पिरियड 90 दिवसांचा. जुलैअखेर राजीनामा दिला तरी ती 1 नोव्हेंबरला रुजू होणार. येता एप्रिल हुकला की पहिली पगारवाढ त्यापुढच्या एप्रिलमध्ये, म्हणजे तब्बल 17 महिन्यांनी. ही अट ऑफर लेटरमध्ये क्वचितच लिहिलेली असते. 'अप्रेझलसाठी कट-ऑफ तारीख कोणती?' हे फोनवर विचारूनच घ्यावं लागतं.

हे दोन्ही हिशेब झाल्यावर तिने आधी आपल्या होणाऱ्या साहेबांना फोन करून कल्पना दिली. पगाराची मंजुरी एचआरकडे असली तरी 'मला हीच व्यक्ती हवी' असं आत जाऊन सांगणारा माणूस तोच. मग ऑफरची मुदत संपण्याआधी एचआरला मेल गेला. असे मेल आपल्याकडे इंग्रजीतच लिहिले जातात. मजकूर साधारण असा:

"नमस्कार. ऑफर लेटर मिळालं, आभारी आहे. दोन्ही मुलाखतींनंतर हे काम करायची माझी इच्छा पक्की झाली आहे. होकार कळवण्याआधी दोन विनंत्या आहेत.

फिक्स्ड 22 ऐवजी 24 लाख आणि व्हेरिएबल 4 ऐवजी 3 लाख करावं. माझं सध्याचं फिक्स्ड 20 लाख आहे. गेल्या दोन वर्षांत बजेट न वाढवता, विक्री विभागाने पुढे नेण्याजोग्या मानलेल्या चौकशा दीडपट झाल्या आणि प्रत्येक चौकशीमागचा खर्च एक तृतीयांशाने उतरला. तुमच्या नव्या डीलर साखळीला पहिल्या वर्षी याच कामाची गरज लागेल.

1 नोव्हेंबरला रुजू झाल्यास एप्रिलच्या पगारवाढीत मी बसत नाही. म्हणून 1 मे रोजी कामाचा आणि पगाराचा आढावा घ्यावा. निकष पहिल्या महिन्यात लिहून ठरवू.

या दोन गोष्टी सुधारित पत्रात आल्या, तर त्याच दिवशी होकार कळवून मी इथे राजीनामा देईन."

घरभाडं, मुलांची फी, पुण्यातली महागाई यांचा त्यात उल्लेख नाही. त्यावर एचआरकडे देण्यासारखं उत्तर नसतं. फॉलोअर आणि लाइकही नाहीत. मार्केटिंगवाल्यांचा पाय इथेच घसरतो. जाहिरात किती लाख लोकांनी पाहिली हे सांगितलं, तर फायनान्सचा माणूस पुढचाच प्रश्न टाकतो, माल किती खपला? चौकशी आणि तिच्यामागचा खर्च ही त्याला कळणारी भाषा आहे. आकडे टक्क्यांत किंवा पटीत देण्याचंही कारण आहे. सध्याच्या मालकाचं बजेट आणि विक्री ही गुपितं आहेत, ती बाहेर सांगणाऱ्याला नवा मालकही बिचकेल. सध्याचा पगार मात्र पैशापर्यंत खरा हवा, कारण शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या पुढे मागितल्या जातातच.

आढाव्याचे निकष ही या मेलमधली सर्वांत नाजूक जागा. कारखान्याला लागणारं मोठं यंत्र कुणी जाहिरात पाहून त्याच आठवड्यात घेत नाही. चौकशी, प्रात्यक्षिक, दरपत्रक, खरेदी विभागाची घासाघीस यांत सहज सहा ते नऊ महिने जातात. अशा धंद्यात सहा महिन्यांच्या आढाव्याला 'विक्री किती वाढली' हा निकष मान्य करणं म्हणजे आपल्याच हाताने नापास होणं. मे महिन्यात जी विक्री दिसेल, ती बरीचशी आधीच्या माणसाच्या कामाची असेल. त्यापेक्षा विक्री विभागाने स्वीकारलेल्या चौकशा, त्यांचा खर्च आणि डीलरांसाठी ठरलेल्या मोहिमा वेळेत सुरू झाल्या का, एवढं धरावं. रुजू होताना हे आकडे कुठे होते, तेही पहिल्या महिन्यात नोंदवून ठेवावं, नाहीतर वाढ कशाच्या तुलनेत मोजणार? आणि बजेट मध्येच कापलं गेलं तर उद्दिष्टंही त्या प्रमाणात बदलतील, हे वाक्य आठवणीने घालावं. मंदीची चाहूल लागली की पहिली कात्री मार्केटिंगला लागते.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. फिक्स्ड 23 लाख 25 हजार, व्हेरिएबल 3 लाख 25 हजार. कंपनीच्या कागदावर सीटीसी फक्त 50 हजारांनी वाढला, पण तिचं फिक्स्ड सव्वा लाखाने वाढलं आणि सध्याच्या पगारावरची ठोस वाढ 10 वरून 16 टक्क्यांवर गेली. व्हेरिएबलमधला काही भाग इकडे सरकवणं एचआरला सोपं जातं, कारण त्यांना वर जाऊन मंजुरी मागावी लागते ती बहुधा एकूण आकड्याची. मागणीत व्हेरिएबल एका लाखाने उतरवलं होतं, ते याचसाठी.

दुसऱ्या मुद्द्यावर पत्रात लिहिलं होतं, 'सहा महिन्यांनंतर कामगिरीबाबत चर्चा करण्यात येईल.' वाचायला गोड, पण यात पगार कुठेच नाही. प्रोबेशन संपल्याचं पत्र देतानाची दहा मिनिटांची बैठकसुद्धा या वाक्यात बसते. फोनवर एचआरने 'मॅडम, तुम्ही काळजी करू नका, आम्ही बघू' असं सांगितलं. सांगणारी मुलगी प्रामाणिक होती. पण मे महिन्यात ती स्वतः त्या कंपनीत असेल का, हे तिलाही सांगता आलं नसतं. मेलवर दिलेला शब्दही पुरत नाही. नेमणूकपत्रात अनेकदा एक कलम असतं, की याआधीचा सगळा पत्रव्यवहार या पत्रामुळे रद्द समजावा.

तिने दोन ओळींचं उत्तर पाठवलं. रकमेला होकार दिला, आणि ते वाक्य '1 मे रोजी कामगिरी व फिक्स्ड पगार यांचा आढावा घेण्यात येईल. मंजूर वाढ त्याच तारखेपासून लागू राहील' असं करून नेमणूकपत्रातही घालावं, अशी विनंती केली. वाढ मिळेलच अशी हमी तिने मागितली नाही. ती कुणी दिलीही नसती. दुसऱ्या दिवशी दुपारी सुधारित पत्र आलं. तिने ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं, सही करून पाठवलं आणि मगच राजीनाम्याचा मेल लिहायला घेतला.