पगाराची स्लिप नाही, म्हणून अनुभवही नाही?

इंदूरच्या रामबागेत राहणारी एक वेब डेव्हलपर डोळ्यांसमोर आणा. उदाहरण कल्पित आहे, पण अशी मुलं-मुली या शहरात घरोघरी सापडतील. जून 2021 पासून ती घरूनच कामं करते. पीथमपूरच्या एका औषध कंपनीची वेबसाइट आणि ऑर्डरचं पोर्टल ती सांभाळते, महिना 25,000 रुपयांवर. भंवरकुआँच्या एका कोचिंग क्लासचे प्रवेश अर्ज आणि फी भरण्याचं पान तिच्याकडे आहे, महिना 15,000. मेलबर्नच्या एका डिझाइन एजन्सीचं काम महिन्याला साधारण 40,000 रुपये देतं. अधूनमधून सियागंजातल्या एखाद्या व्यापाऱ्याची छोटी साइट. आता तिला नोकरी हवी आहे, आणि बायोडेटा लिहायला बसल्यावर मित्रमंडळींचे सल्ले सुरू होतात. त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

“सगळी कामं लिही, यादी जितकी लांब तितका अनुभव मोठा.”

उलट होतं. एवढ्या वर्षांत अठरा वेबसाइट केल्या म्हणून अठरा नोंदी लिहिल्या, तर एचआरच्या नजरेला तो दर काही महिन्यांनी नोकऱ्या बदलणारा माणूस दिसतो. नोंद एकच असावी: ‘स्वतंत्र वेब डेव्हलपर, इंदूर, जून 2021 ते आजपर्यंत’. तिच्याखाली तीन कायमची कामं, आणि छोट्या साइटसाठी शेवटी एक ओळ.

खरी मेहनत त्या तीन कामांच्या ओळींवर करायची. ‘वेबसाइट बनवली आणि देखभाल केली’ या वाक्यातून जबाबदारी कळत नाही. नोकरी देणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं की बिघडलं तेव्हा फोन कुणाला यायचा, आणि त्या कंपनीनं वर्षानंतर याच माणसाला पुन्हा का ठेवलं. म्हणून पीथमपूरची नोंद अशी होईल: ‘औषध कंपनीचं ऑर्डर पोर्टल, ऑगस्ट 2021 पासून. वार्षिक करार, दरवर्षी नूतनीकरण. बॅकअप, सुरक्षा अपडेट आणि पोर्टल बंद पडल्यास ते सुरू करण्याची जबाबदारी एकटीची. दर महिन्याला कंपनीच्या विक्रीप्रमुखांना अहवाल.’ यात एकही विशेषण नाही. स्थैर्य नूतनीकरणातून दिसतं, आणि कुणाला उत्तर द्यावं लागत होतं ते अहवालाच्या ओळीतून. कोचिंग क्लासच्या नोंदीत प्रवेशाचा हंगाम यायला हवा, कारण त्या दिवसांत फी भरण्याचं पान तासभर बंद पडलं तरी क्लासवाल्यांचं किती नुकसान होतं हे मुलाखत घेणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

करारात नाव न सांगण्याची अट असेल तर ‘पीथमपूरमधील औषध उत्पादक’ एवढं पुरतं. पण मध्ये चार-सहा महिने खरंच काम नव्हतं, तर ते ‘आजपर्यंत’ या शब्दाखाली झाकू नये. कागद तपासले की तो काळ रिकामाच दिसतो.

“स्वतःला संस्थापक म्हणव, नाहीतर सरळ त्या कंपनीत नोकरी होती असं लिही.”

पहिला सल्ला नुसता हास्यास्पद आहे. नोंदणीकृत कंपनी नाही, हाताखाली माणूस नाही, आणि पदनाम मात्र ‘फाउंडर आणि सीईओ’. ज्युनिअर किंवा मधल्या जागेसाठी असा बायोडेटा आला की हा माणूस टिकेल का, अशीच शंका येते.

दुसरा सल्ला घातक आहे. रुजू होण्याआधी किंवा नंतर बऱ्याच कंपन्या पडताळणी करून घेतात. पडताळणी करणारा औषध कंपनीच्या एचआरला विचारतो, आणि तिथं या नावाचा कर्मचारीच नसतो. खरं काम केलेलं असूनही ती नोंद खोटी ठरते. त्यापेक्षा ग्राहकाकडून साधं पत्र घ्यावं: लेटरहेडवर, सही करणाऱ्याच्या पदासह, कधीपासून कधीपर्यंत, काय काम, ‘स्वतंत्र सल्लागार म्हणून’ हे शब्द स्पष्ट. सोबत कंपनीच्या डोमेनचा ईमेल पत्ता द्यावा. जीमेलवरून आलेल्या दुजोऱ्याला पडताळणीत फारसं वजन नसतं.

“पीएफ नाही, पगाराची स्लिप नाही, मग पुरावा कशाचा?”

इथं सर्वात जास्त गोंधळ आहे. कर्मचाऱ्याचा माग पीएफच्या खात्यावरून लागतो. फ्रीलान्सरचा माग त्याच्या प्राप्तिकराच्या कागदांत असतो, फक्त ते कागद नीट वाचून द्यावे लागतात.

आपल्या उदाहरणातला एप्रिल 2026 पूर्वीच्या एका वर्षाचा हिशेब करू. तीन कायमच्या ग्राहकांकडून वर्षाला 3,00,000, 1,80,000 आणि 4,80,000, म्हणजे एकूण 9,60,000 रुपये. औषध कंपनीनं हे व्यावसायिक शुल्क धरून कलम 194जे खाली 10 टक्के, म्हणजे 30,000 रुपये टीडीएस कापला, तर ती रक्कम फॉर्म 26एएसमध्ये कंपनीच्या नावासह दिसते. पगारावरचा टीडीएस तेव्हा कलम 192 खाली असायचा, त्यामुळे नोकरी की स्वतंत्र काम हेही तिथंच कळतं. कोचिंग क्लास एका व्यक्तीच्या मालकीचा आणि उलाढाल ऑडिटच्या मर्यादेखाली असेल, तर त्याला हा टीडीएस कापावा लागत नाही. मेलबर्नची एजन्सी तर कापतच नाही. म्हणजे साडेनऊ लाखांच्या कामातले तीनच लाख 26एएसवर उमटतात. उरलेल्यासाठी इन्व्हॉइस, त्यांच्याशी जुळणाऱ्या बँकेतल्या जमा रकमा, आणि परदेशी पैशासाठी बँकेचं आवक दाखवणारं पत्र जोडावं लागतं.

दुसरा सापळा रिटर्नमध्ये आहे. माहिती तंत्रज्ञानातले अनेक जण कलम 44एडीए खाली कर भरत आले आहेत. त्यात एकूण जमेच्या किमान 50 टक्के रक्कम उत्पन्न धरतात, खर्चाचा तपशील द्यावा लागत नाही. तिनं अगदी निम्मी दाखवली, तर उत्पन्न 4,80,000 होतं. आता तिनं ‘वर्षाला साडेनऊ लाखांचं काम’ असं सांगून फक्त आयटीआरची पोचपावती पाठवली, तर समोरच्याला पावणेपाच लाखच दिसतात आणि तो तिला खोटारडी समजतो. पोचपावतीऐवजी पूर्ण भरलेला आयटीआर-4 द्यावा, त्यात एकूण जमेचा आकडाही असतो. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, तरी मागच्या वर्षांच्या कागदांवर जुनेच राहतील.

पगार मागताना मात्र साडेनऊ लाखांना ‘मागचा सीटीसी’ म्हणू नये. त्यातून लॅपटॉप, इंटरनेट, सुट्ट्या, विमा सगळं तिनंच भागवलेलं असतं. उलट सीटीसीत मालकाचा पीएफचा वाटा आणि अनेकदा ग्रॅच्युइटीही मोजलेली असते. दोन्ही आकडे वेगळ्या नावांनीच सांगितलेले बरे.

“आता नोकरी मिळाली की जुने ग्राहक रविवारी सांभाळीन.”

हे मुलाखतीत उत्साहानं सांगणारे भेटतात, आणि ज्याला स्थिर माणूस हवा आहे तो तिथंच सावध होतो. नेमणूकपत्रात बहुधा दुसरं काम न करण्याची अट असते. तिनं आधीच ठरवून जावं: पीथमपूरच्या करारात 30 दिवसांची सूचना आहे, तेवढ्यात पासवर्ड, कोड आणि बॅकअपचा ताबा लेखी देता येईल, एजन्सीचं चालू काम महिनाअखेर संपतं, कोचिंग क्लासला प्रवेशाचा हंगाम उरकेपर्यंत सोडता येणार नाही, म्हणून रुजू होण्याची तारीख त्यानंतरची हवी. ती तारीख कारणासकट मागितली तर नव्या मालकाला तिची काम करण्याची पद्धत कळतेच. एखादा ग्राहक ठेवायचाच असेल, तर सही करण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. कारण पुढच्या वर्षीच्या प्राप्तिकराच्या कागदात पगारावरचा आणि व्यावसायिक शुल्कावरचा टीडीएस शेजारी-शेजारी दिसतो, आणि ती नोकरी बदलताना हा कागद मागणाऱ्या कंपन्या आहेत.